पाहुण्यांचा परिचय दीड मिनिटात कसा बसवावा

व्याख्यानाआधीचा परिचय बहुतेक वेळा एकाच कारणानं फसतो. पाहुण्यांनी पाठवलेला बायोडेटा आपण जसाच्या तसा हातात घेऊन वाचायला लागतो. तो कागद निवड समितीनं टेबलावर ठेवून वाचावा म्हणून तयार झालेला असतो. त्यात सगळं असावं लागतं आणि ते जन्मतारखेपासून क्रमानं असावं लागतं. सभागृहातल्या माणसाला मात्र मागची ओळ पुन्हा वाचता येत नाही आणि पान उलटून पुढं जाता येत नाही. त्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: आजच्या विषयावर मी या व्यक्तीचं का ऐकावं? त्याचं उत्तर मिळालं की परिचय संपला पाहिजे.

खाली एकच उदाहरण धरून सगळे टप्पे दिले आहेत. समजा, सांगलीतल्या एका वाचनालयाची उन्हाळी व्याख्यानमाला आहे. पाहुण्या स्थापत्य अभियांत्रिकीच्या निवृत्त प्राध्यापिका आहेत आणि विषय आहे ‘पाणी दारात येण्याआधी’, म्हणजे कृष्णेचा पूर. बाई आणि त्यांचा बायोडेटा दोन्ही समजावण्यापुरते रचलेले आहेत, म्हणून नावाची जागा मोकळी ठेवली आहे.

## आधी वेळ ठरवा, मग शब्द

व्यासपीठावरून, माइकवर, मागच्या रांगेला कळेल अशा बेतानं बोललं तर मिनिटाला शंभर शब्दांच्या आसपास जातात. घरात वाचताना तोच वेग बराच जास्त असतो आणि घोटाळा तिथंच होतो. घरी दोन मिनिटांत संपलेला मजकूर सभागृहात साडेतीन मिनिटं घेतो.

एकट्या वक्त्याच्या व्याख्यानासाठी दीड मिनिट पुरेसं आहे, म्हणजे दीडशे शब्द. ही मर्यादा लिहायला बसण्याआधी कागदाच्या डोक्यावर टाका. लिहून झाल्यावर कापायला बसलं की प्रत्येक वाक्य आपलं वाटतं आणि एकही जात नाही.

कार्यक्रमाची रूपरेषाही आत्ताच मागून घ्या. स्वागत, प्रास्ताविक, सत्कार, परिचय, व्याख्यान, अध्यक्षीय मनोगत आणि आभार यांतलं कोण काय बोलणार, हे कळलं पाहिजे. प्रास्ताविक करणारे गृहस्थ ‘मॅडमबद्दल दोन शब्द’ बोलणार असतील, सूत्रसंचालक सत्काराला बोलावताना पदव्या वाचणार असेल आणि त्यानंतर तुम्ही उठणार असाल, तर श्रोते एकच माहिती तीनदा ऐकतील. त्या दोघांना फोन करून सांगा, की पाहुण्यांविषयी फक्त परिचयात बोलायचं. प्रास्ताविकानं व्याख्यानमालेपुरतं बोलावं, सत्काराच्या वेळी फक्त नाव घ्यावं.

तपासा: रूपरेषेत सत्कार परिचयाच्या आधी आहे ना? परिचय संपला की माइक थेट वक्त्याकडे गेला पाहिजे. मध्ये शाल, श्रीफळ आणि फोटो आले, की तुम्ही तयार केलेली उत्सुकता तिथंच विरते.

## १. बायोडेटासोबत चार उत्तरं मागवा

कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी पाहुण्यांना फोन करा. बायोडेटा मागवायला हरकत नाही, तो पत्रिकेसाठी लागतोच. पण परिचयासाठी हे चार प्रश्न विचारा:

- या विषयाकडे तुम्ही कशा वळलात?
- या विषयातलं तुमचं स्वतःच्या हातानं केलेलं एखादं काम सांगाल का?
- परिचयात काय सांगू नये?
- नाव कसं घ्यायचं?

दुसरा प्रश्न सर्वांत कामाचा. बायोडेटात ‘पूरव्यवस्थापन क्षेत्रात भरीव योगदान’ असं लिहिलेलं असतं, आणि फोनवर बाई सांगतात, ‘२००५ चा पूर ओसरल्यावर मी पोरांना घेऊन गल्लोगल्ली फिरले. भिंतींवर पाण्याच्या खुणा होत्या, पुसल्या जायच्या आत त्या मोजून घेतल्या.’ परिचय या दुसऱ्या वाक्यातून होतो. पहिलं वाक्य कुणालाही लावता येतं.

तिसरा प्रश्न विचारायला लोक संकोचतात. पण पाहुण्यांकडे एखादा किस्सा किंवा आकडा असतो, ज्यावर त्यांचं अर्धं व्याख्यान उभं असतं. तो परिचयात फुटला की त्या माइकपाशी येऊन ‘आत्ताच सांगितल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करतात. घरगुती गोष्टी, आजारपण, एखादा जुना वाद, सोडलेलं पद, यांतलंही काही त्यांना नको असू शकतं.

सावधान: इंटरनेटवरून माहिती उचलू नका. एकाच नावाचे दोन प्राध्यापक असणं आपल्याकडे अगदी सामान्य आहे, आणि संस्थेच्या संकेतस्थळावर निवृत्तीनंतरही कित्येक वर्षं जुनं पद तसंच राहतं. तिथलं काही घ्यायचंच असेल तर फोनवर विचारून घ्या.

## २. विषय वर लिहा आणि खोडायला लागा

बाईंचा बायोडेटा असा आला:

> ‘बी. ई. (स्थापत्य), एम. टेक. (जलसंपत्ती), पीएच. डी.; ३४ वर्षे अध्यापनाचा प्रदीर्घ अनुभव; स्थापत्य विभागप्रमुख म्हणून यशस्वी कारकीर्द; राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत ४१ शोधनिबंध प्रसिद्ध; ९ विद्यार्थ्यांना पीएच. डी.साठी मार्गदर्शन, विद्यापीठ अभ्यासमंडळाच्या माजी सदस्या, जर्मनी, जपान व नेदरलँड्स येथे अभ्यासदौरे, आदर्श शिक्षिका पुरस्कार, दोन कवितासंग्रह प्रकाशित, महिला मंडळाच्या संस्थापक अध्यक्षा, पूरव्यवस्थापन क्षेत्रात भरीव योगदान, निवृत्तीनंतर पूरजागृतीचे कार्य.’

कागदाच्या वर मोठ्या अक्षरात विषय लिहा: पाणी दारात येण्याआधी. आता एकेक नोंद घेऊन विचारा, की हे ऐकल्यामुळं सांगलीतला माणूस पुराबद्दल त्यांचं जास्त विश्वासानं ऐकेल का? ‘हो’ असेल तर ठेवा, ‘नाही’ असेल तर खोडा. ‘तसं बघितलं तर हो’ असं उत्तर आलं, तर तीही खोडा.

कवितासंग्रह गेले. महिला मंडळ गेलं. अभ्यासमंडळ गेलं, कारण ते काय असतं हे प्राध्यापकांशिवाय कुणाला ठाऊक नसतं. एकेचाळीस शोधनिबंधही गेले. हा आकडा शिक्षणसंस्थांत वजनदार असेल, पण हळदीच्या पेढीवरून उठून व्याख्यानाला आलेल्या माणसाला एकेचाळीस जास्त की कमी हे कळत नाही. नेदरलँड्सपाशी थोडं थांबावं लागतं, कारण तो देश पुराशी झगडत आलेला आहे. व्याख्यान तिथल्या उपायांवर असतं तर हीच नोंद सर्वांत वर आली असती. आजचा विषय सांगलीच्या गल्ल्यांचा आहे, म्हणून तीही गेली.

राहिलं काय? चौतीस वर्षं स्थापत्य शिकवलं, हे राहिलं. ‘भरीव योगदान’ आणि ‘पूरजागृती’ या दोन पोकळ नोंदी राहिल्या, आणि त्यांच्या जागी फोनवर मिळालेली माहिती बसली: २००५ ला मोजलेल्या खुणा, २०१९ ला पुन्हा केलेलं मोजमाप, त्यातून तयार झालेला नकाशा आणि तो घेऊन सोसायट्यांमध्ये जाणं. पदवी वेगळी सांगायची गरज नाही. नावाआधी ‘डॉक्टर’ येणारच आहे.

या टप्प्यावर समितीतलं कुणीतरी म्हणतंच, ‘अहो, पुरस्कार तरी घ्या. मॅडमना राग येईल.’ याला उपाय आहे. पूर्ण बायोडेटा पत्रिकेत छापा, व्याख्यानमालेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आदल्या दिवशी टाका आणि बाईंना तसं सांगा. मान राखला जातो आणि मंचावर वेळही जात नाही. माझ्या पाहण्यात तरी, पुरस्कार गाळला म्हणून पाहुणे रागावल्याचं क्वचितच आढळतं. राग येतो तो चुकीचं पद सांगितल्यावर.

## ३. ऐकणाऱ्यापासून सुरू करा, नावावर संपवा

जन्म, शिक्षण, नोकरी, पुरस्कार, आजचा विषय हा बायोडेटाचा क्रम असतो. परिचयात तो जवळजवळ उलटा करायचा:

1. श्रोत्यांना आधीच माहीत असलेली, विषयाला लागून असलेली एखादी गोष्ट.
2. त्यातली जी गोष्ट त्यांना कळत नाही ती.
3. त्याच गोष्टीवर पाहुण्यांनी केलेलं काम.
4. त्यांचा पेशा, एका वाक्यात.
5. विषय आणि शेवटी नाव.

नाव शेवटी का? लोकांनी ते फलकावर वाचलेलं असतं, त्यामुळं कोण बोलणार हे त्यांच्यापासून लपलेलं नसतं. पण परिचयाच्या शेवटी नाव उच्चारलं की टाळ्या कुठं वाजवायच्या हे सभागृहाला कळतं, पाहुण्यांना कधी उठायचं हे कळतं आणि तुम्हाला ‘तर मी आता मॅडमना विनंती करतो की त्यांनी आपले विचार मांडावेत’ असली शेपूट जोडावी लागत नाही.

पहिल्या पायरीवर थोडा वेळ द्या, कारण ती गावागणिक बदलते. सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना विचारतात, ‘आयर्विनला किती फूट?’ आयर्विन पुलापाशी चाळीस फूट ही इशारा पातळी आणि पंचेचाळीस फूट ही धोका पातळी, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. तेव्हा इथं या प्रश्नानं सुरुवात केली की सभागृह लगेच मान हलवतं. हेच व्याख्यान कराडला असेल तर आयर्विनचं वाक्य कामाचं नाही. तिथं कृष्णा आणि कोयना एकत्र येतात आणि लोकांचं लक्ष ‘कोयनेतून किती सोडलंय’ याकडे असतं. तिथं सुरुवात कोयनेपासून करावी लागेल. पुढचं सगळं तेच राहील.

नेहमीची चूक: ‘ज्यांना परिचयाची गरज नाही अशा’ म्हणून पुढची पाच मिनिटं परिचय करून देणं. ‘आपल्या व्यग्र दिनक्रमातून बहुमोल वेळ काढून’ हेही तसंच. अशी वाक्यं पाहुणा कोणीही असला तरी चालतात, म्हणून ती आधी काढा. चारोळी किंवा शेर सुचलाच असेल तर तोही बाजूला ठेवा, दीड मिनिटात त्याला जागा नाही.

दुसरी चूक: परिचयातच व्याख्यान देऊन टाकणं. पूर का येतो, धरणातून पाणी कसं सोडतात, यातलं काहीही तुम्ही सांगायचं नाही. प्रश्न उभा करा आणि सोडून द्या.

## ४. लिहिलेलं वाक्य बोलण्याजोगं करा

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्या. माहिती बरोबर, क्रम बरोबर, आणि तरीही बोलताना धाप लागते असे परिचय भरपूर असतात.

मराठीत क्रियापद शेवटी येतं. वाक्य लांबलं की ऐकणारा त्या क्रियापदाची वाट बघत सगळी माहिती डोक्यात धरून ठेवतो, आणि लिखित मराठीला तर ‘असलेल्या, केलेल्या, भूषवलेल्या’ अशी माळ लावायची सवयच आहे. हे वाक्य मोठ्यानं वाचून बघा:

> ‘२००५ साली सांगली शहरात आलेल्या महापुरानंतर आपल्या विद्यार्थ्यांच्या सहकार्याने शहराच्या विविध भागांतील पूररेषांचे सर्वेक्षण करून त्याआधारे गल्लीनिहाय पूरपातळी दर्शविणारा नकाशा तयार करण्यात मोलाचा वाटा उचललेल्या डॉ. …’

नाव येईपर्यंत तीसहून कमी शब्द आहेत, पण मध्ये श्वास घ्यायला जागा नाही आणि कोणी काय केलं हे शेवटपर्यंत कळत नाही. याची वाक्यं करा. एका वाक्यात एकच काम ठेवा:

> ‘दोन हजार पाचचा पूर ओसरला. तेव्हा त्या विद्यार्थ्यांना घेऊन गल्लोगल्ली फिरल्या. भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा त्यांनी मोजून घेतल्या. त्यातून एक नकाशा तयार झाला.’

तोडताना तीन गोष्टी बघा. पहिली, ‘करण्यात आले’, ‘गौरविण्यात आले’ हा सरकारी कर्मणी प्रयोग. तो आला की माणूस दिसेनासा होतो. ‘त्यांनी मोजलं’, ‘त्या फिरल्या’ असं म्हणा. दुसरी, जोडशब्दांच्या आगगाड्या. ‘पूरव्यवस्थापनविषयक अभ्यासगटाच्या तज्ज्ञ सल्लागार’ हे डोळ्यांना चालतं, जिभेला चालत नाही. ‘पुराचा अभ्यास करणाऱ्या गटाला त्या सल्ला देतात’ हे तीन शब्दांनी लांब झालं तरी बोलायला सोपं आहे. तिसरी, लिखित रूपं. ‘वर्षे’, ‘केले’, ‘त्यांचे’ असं कागदावर ठेवलं तर वाचताना आवाज आपोआप बातम्यांसारखा होतो. ‘वर्षं’, ‘केलं’, ‘त्यांचं’ असं जसं बोलणार तसंच लिहा.

आदरार्थी रूपं एकसारखी ठेवा. अर्धा परिचय ‘त्या’ आणि मध्येच पाहुण्यांकडे वळून ‘मॅडम, आपण’ असं केलं की तुम्ही नक्की कोणाशी बोलताय हे कळत नाही. परिचय श्रोत्यांसाठी असतो, म्हणून सगळीकडे ‘त्या’. बायोडेटा स्वतः पाहुण्यांनी लिहिलेला असेल तर एखादं ‘मी’ किंवा ‘माझे’ तसंच राहून जातं. तेही शोधा.

आता पूर्ण मसुदा. तिरकी रेघ म्हणजे श्वासाची जागा.

> नमस्कार. / जुलै-ऑगस्टमध्ये आपण सांगलीकर एकमेकांना एकच प्रश्न विचारतो. / आयर्विनला किती फूट? / चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे आपल्याला पाठ आहे. / पण पंचेचाळीस फुटांना पाणी आपल्या गल्लीत येणार की पुढच्या, / हे मात्र आपल्याला सांगता येत नाही. //
>
> आजच्या पाहुण्यांनी नेमकं हेच मोजलं आहे. / दोन हजार पाचचा पूर ओसरला, / तेव्हा त्या विद्यार्थ्यांना घेऊन गल्लोगल्ली फिरल्या. / भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा त्यांनी मोजून घेतल्या. / दोन हजार एकोणीसला त्यांनी हेच काम पुन्हा केलं. / त्यातून एक नकाशा तयार झाला. / पुलापाशी किती फूट असेल तर कुठल्या गल्लीत किती पाणी येईल, / हे त्यावरून कळतं. //
>
> चौतीस वर्षं त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकी शिकवली. / निवृत्त झाल्यावर त्या हा नकाशा घेऊन सोसायट्यांमध्ये जातात, / लोकांशी बोलतात. //
>
> आजचा विषय आहे, पाणी दारात येण्याआधी. / बोलणार आहेत, / डॉक्टर …

शंभर ते सव्वाशेच्या मधे शब्द झाले. दीडशेची मर्यादा असताना ही जागा मोकळी का सोडली? मंचावर गेल्यावर दोन-चार शब्द वाढतात, सुरुवातीला माइक नीट करावा लागतो, ‘आयर्विनला किती फूट’ला लोक हसतात. त्या सगळ्याला वेळ लागतो.

तपासा: उभं राहून मोठ्यानं वाचा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. मनात वाचलेलं इथं धरायचं नाही. जिथं जीभ अडते तिथं तालीम वाढवत बसू नका, शब्दच बदला. घरी तो शब्द दोनदा अडला तर मंचावर अडणारच.

## ५. नाव, पद आणि आकडे

नावातली चूक लोक वर्षभर आठवणीत ठेवतात. म्हणून फोनवर पाहुण्यांना स्वतःचं नाव उच्चारायला लावा आणि ऐकू येईल तसं लिहून घ्या. आडनाव माहेरचं लावतात का सासरचं, का दोन्ही, मधलं नाव घ्यायचं का, हे विचारल्याशिवाय ठरवू नका. सीमाभागातली, कानडी वळणाची आडनावं सांगली-मिरजेत पुष्कळ. स्पेलिंग बघून उच्चार करायला गेलं की ‘ड’चा ‘द’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो.

पदाबाबत आजी की माजी, प्रभारी की कायम, हे तपासा. ‘डॉक्टर’ ही उपाधी वैद्यकीय आहे की संशोधनाची, हे परिचयातल्या कामावरून आपोआप कळायला हवं. नाही कळलं तर प्रश्नोत्तरांत कोणीतरी गुडघेदुखीबद्दल विचारतो.

आकडे कागदावर अक्षरांत लिहा. ‘२०१९’ दिसलं की घाईत कोणी ‘वीस एकोणीस’ म्हणतं, कोणी अडखळतं. ‘दोन हजार एकोणीस’ असं लिहिलेलं असलं की तसंच वाचलं जातं. संस्थांच्या नावांची आद्याक्षरंही पूर्ण लिहा, किंवा ती संस्था काय करते तेवढंच सांगा. संपूर्ण परिचयात चारपाचापेक्षा जास्त आकडे नसावेत. वरच्या मसुद्यात दोन पातळ्या, दोन वर्षं आणि अध्यापनाचा काळ असे पाच आहेत. त्यातल्या पातळ्या आणि वर्षं श्रोत्यांना आधीच माहीत आहेत, म्हणून ते खपतात. सगळेच अनोळखी असते तर दोन ठेवले असते.

## ६. पाहुण्यांना वाचून दाखवा

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी फोन करून मसुदा वाचून दाखवा. लिहून पाठवला तर पाहुणे ‘छान आहे’ असं उत्तर पाठवून मोकळे होतात. कानावर पडलं की चुका सापडतात. आपल्या उदाहरणात हा फोन साधारण असा होईल:

‘मॅडम, २०१९ ला तुम्ही पुन्हा मोजमाप केलं, असं लिहिलंय.’

‘अहो, तेव्हा मी फिरले नव्हते. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. जुनी पोरं आता इंजिनियर झालीत, ती फिरली. मी आकडे तपासले.’

‘मग तसं घालू का?’

‘घाला की. पण ऑपरेशनचं नको. आणि कुठल्या गल्लीत किती पाणी, हे नका सांगू. तो नकाशा मी पडद्यावर दाखवणार आहे, सुरुवात तिथूनच आहे.’

एका फोनमध्ये दोन दुरुस्त्या झाल्या. पहिलीमुळं माहिती खरी झाली आणि गोष्टही जास्त चांगली झाली. ‘दोन हजार एकोणीसला त्यांनी हेच काम पुन्हा केलं’ या वाक्याच्या जागी आता येईल: ‘दोन हजार एकोणीसला तेच विद्यार्थी, आता इंजिनियर झालेले, पुन्हा खुणा मोजायला उतरले. / आकडे तपासायला बाई होत्याच.’ दुसऱ्या दुरुस्तीनं नकाशाबद्दलचं स्पष्टीकरणाचं वाक्य उडालं. ‘त्यातून एक नकाशा तयार झाला. / तो त्या आज सोबत घेऊन आल्या आहेत.’ एवढ्यावर थांबायचं. कुतूहल तर उलट वाढतंच.

इथं पाहुणे कधी कधी चार गोष्टी वाढवायलाही सांगतात. एखादी मानानं घ्या, विषयाला लागून असेल अशी बघून. बाकीच्यांसाठी ‘पत्रिकेत घेतलंय, मॅडम’ हे उत्तर तयार ठेवा.

तपासा: दुरुस्तीनंतर सगळा मसुदा पुन्हा मोठ्यानं वाचा. ‘त्या’ची ‘बाई’ मध्येच झाली आहे, ते कानाला चालतंय का बघा. व्याख्यानमाला शिक्षकांची आणि जुन्या विद्यार्थ्यांची असेल तर ‘बाई’ शोभतं. अनोळखी सभागृहात ‘त्या’ ठेवा.

## ७. कागद, माइक आणि ऐनवेळचे बदल

मोबाइलवरून वाचू नका. पडदा विझतो, मध्येच फोन येतो आणि मान खाली राहते. एका बाजूला छापलेला एकच कागद घ्या, अक्षर सोळा किंवा अठरा पॉइंटचं. श्वास जिथं तुटतो तिथं ओळ तोडा. एखादा शब्द ओळीच्या टोकाला दुभंगलेला नसावा. नाव वेगळ्या ओळीवर, ठळक. नाव पाठ असलं तरी लिहा, कारण ऐनवेळी जवळच्या माणसाचंही नाव जातं.

पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य पाठ करा. सुरुवातीला श्रोत्यांकडे बघायचं असतं आणि शेवटी पाहुण्यांकडे वळायचं असतं. मधला भाग वाचला तरी कुणाला खटकत नाही.

मंचावर अध्यक्ष, नगरसेवक, देणगीदार असे पाचजण असतील तर प्रत्येकाचा परिचय करण्याचा मोह आवरा. त्यांची नावं आणि पदं स्वागतात घेऊन होतात. परिचय फक्त वक्त्याचा.

नाव उच्चारल्यावर काही बोलू नका. ‘जोरदार टाळ्या’ मागू नका, माइकपासून बाजूला व्हा. माइकची उंची पाहुण्यांच्या मानानं करून देणं हे तुमचं शेवटचं काम.

आणि कार्यक्रम उशिरा सुरू झाला तर? आमदार उशिरा आले, सत्कार लांबले, असं होतंच. त्यासाठी आधीच कागदावर पेन्सिलनं कंस करून ठेवा. वरच्या मसुद्यात पहिला परिच्छेद पूर्ण, दुसऱ्यातली पहिली तीन वाक्यं आणि शेवटचा परिच्छेद कंसाबाहेर राहतील, बाकी कंसात. अर्ध्यापाऊण मिनिटात हा परिचय होतो आणि ऐकणाऱ्याला काही गाळलंय असं वाटत नाही. उलट परिस्थिती आली, म्हणजे पाहुण्यांची गाडी कोल्हापूर रस्त्यावर अडकली आणि सभागृह भरलेलं आहे, तर वेळ काढायला परिचय ताणू नका आणि त्या यायच्या आधी तो वापरूनही टाकू नका. मधल्या वेळात वाचनालयाच्या नव्या पुस्तकांबद्दल सांगा, पुढच्या दिवसाचा कार्यक्रम सांगा, श्रोत्यांकडून चिठ्ठीवर प्रश्न लिहून घ्या. बाई आल्या की त्यांना पाणी प्यायला दोन मिनिटं द्या, लॅपटॉप पडद्याला जोडला गेलाय का बघा, आणि मगच कागद घेऊन उठा.